बेरीज बरोबर, पेशंट कोरडा : इनटेक-आउटपुट चार्ट कसा वाचायचा



आज वही-पेन घेऊनच बसा, कारण आपल्याला एक चार्ट वाचायचा आहे. पुस्तकात त्याला फ्लुइड बॅलन्स चार्ट म्हणतात, वॉर्डात आपण आय-ओ चार्ट म्हणतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजाबाकी किती. तिसरीतल्या मुलालाही हे गणित येईल. तरीही पहिल्या वर्षापासून इंटर्नशिपपर्यंत सगळ्यात जास्त चुका याच कागदावर होतात, कारण गणित बरोबर असतं आणि आकडे चुकलेले असतात.

आपण जबलपूरचे. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. वॉर्डात कूलर असला तर असतो, नाहीतर पंखा गरम हवा फिरवत राहतो. पेशंटच्या अंगातलं पाणी घामातून आणि श्वासातून जात असतं आणि त्यासाठी चार्टवर रकानाच नसतो. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी एक चार्ट सांगते, तो लिहून घ्या. हा पेशंट मी शिकवण्यासाठी बनवला आहे, पण यातली प्रत्येक चूक मी वॉर्डात पाहिली आहे आणि त्यातल्या दोन तर विद्यार्थिनी असताना स्वतः केल्या आहेत.

पेशंट पुरुष, वय ६०, वजन ६० किलो. आतड्याला अडथळा आला म्हणून काल पोट उघडून ऑपरेशन झालं. तोंडाने काहीही द्यायचं नाही. नाकातून रायल्स ट्यूब, पोटात एक ड्रेन, लघवीसाठी कॅथेटर आणि युरोबॅग. चार्ट सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.

आत : सलाईनच्या बाटल्या ५, म्हणजे २५०० मिलि.
बाहेर : लघवी ९०० मिलि. रायल्स ट्यूब ४०० मिलि. ड्रेनच्या रकान्यात दोन अधिकची चिन्हं.
बॅलन्स : अधिक १२०० मिलि.

सकाळी राउंड येतो. डॉक्टर विचारतात, "बॅलन्स किती?" तुम्ही म्हणता, "सर, प्लस बाराशे." डॉक्टरांच्या मनात चित्र उभं राहतं की साठीचा माणूस, अंगात सव्वा लिटर पाणी जास्त, उगीच फुप्फुसात उतरायला नको. ते सलाईन कमी करायला सांगतात. कदाचित लघवी होण्याचं इंजेक्शनही लिहितात. तुमच्या एका आकड्यावर हे घडतं. आता बघू, तो आकडा खरा होता का.

पहिला प्रश्न : बाटली लावली की बाटली गेली?

चार्टवर पाच बाटल्या लिहिल्या आहेत. स्टँडकडे बघा. पाचवी बाटली सकाळी ७ वाजता लावली आहे आणि तिच्यात अजून ४०० मिलि शिल्लक आहे, म्हणजे तिच्यातलं १०० मिलिच आत गेलं. रात्रीच्या सिस्टरनी बाटली लावताना ५०० लिहून टाकलं, कारण नंतर विसरायला होतं. सवय चांगल्या हेतूची आहे, पण आकडा चुकीचा. लावलेली बाटली ही ऑर्डरची नोंद आहे. इनटेक म्हणजे पेशंटच्या शिरेत गेलेलं पाणी. ड्यूटी संपताना बाटलीवरची खूण वाचा, गेलेलं लिहा आणि हँडओव्हरमध्ये सांगा, "चारशे बाकी आहे, ते तुमच्या ड्यूटीत धरा." म्हणजे ते दोनदाही धरलं जाणार नाही.

तर सलाईन झालं चार गुणिले ५०० म्हणजे २०००, अधिक १००. एकूण २१००.

आता जे लिहिलंच नाही ते शोधा. ट्रीटमेंट शीट उघडा. मेट्रोनिडाझोलची १०० मिलिची बाटली दर आठ तासांनी गेली आहे. तीन वेळा, म्हणजे ३०० मिलि. "ते औषध आहे, पाणी नाही" असं समजून ती कोणी धरत नाही. शिरेला मात्र तेही पाणीच. म्हणून आय-ओ चार्ट कधीही एकटा वाचू नका, शेजारी औषधांचा कागद ठेवा. इनटेक झालं २४००.

दुसरा प्रश्न : रिकामा रकाना म्हणजे शून्य का?

रायल्स ट्यूबचे ४०० मिलि दुपारी दोनच्या आणि संध्याकाळी आठच्या नोंदीतले आहेत. रात्रीचा रकाना रिकामा आहे. रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होऊ शकतात. काहीच आलं नाही, किंवा आलं पण मोजलं नाही, किंवा मोजलं पण लिहिलं नाही. बेरीज करणारा माणूस या तिघांनाही शून्य समजतो.

आपण खाली वाकून बॅग बघतो. बॅगेत हिरवट पाणी आहे. रात्री "बॅग अजून भरली नाही, सकाळच्या ड्यूटीवाल्या काढतील" असं झालं असावं. जगमध्ये काढून मोजलं तर ६५० मिलि. म्हणजे रायल्स ट्यूबचं एकूण ४०० नाही, १०५० आहे. बॅग भरो न भरो, ड्यूटी संपली की मोजायची. आणि खरंच काही आलं नसेल तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. शून्य लिहिलं की पुढच्याला कळतं, कोणीतरी बघितलं होतं.

ड्रेनच्या रकान्यातली दोन अधिकची चिन्हं हा आकडा नाही, ते मत आहे. तुमच्या दोन अधिकांचे माझ्याकडे तीन होतील, आणि बेरजेत दोघींचेही शून्य. ड्रेनची बॅग काढून मोजली, २५० मिलि निघालं. ड्रेसिंगवर पाझरत असेल आणि बॅगेत येत नसेल तर काय? कोरडं पॅड आधी वजन करा, ओलं झाल्यावर पुन्हा करा. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिलि धरायचे. छोटा वजनकाटा नसेल तर किती पॅड पूर्ण भिजले ते शब्दांत लिहा. अंदाजाचा आकडा मोजलेल्या आकड्यासारखा लिहू नका. "अंदाजे" हा शब्द चार्टवर लिहायला लाजू नका.

आता नवीन हिशोब. आत २४००. बाहेर लघवी ९००, रायल्स ट्यूब १०५०, ड्रेन २५०, मिळून २२००. बॅलन्स अधिक २००.

बाराशेचे दोनशे झाले. एक हजार मिलि कुठे होतं? १०० मिलि इनटेकमध्ये जास्त धरलं होतं आणि ९०० मिलि आउटपुट धरलंच नव्हतं. प्रत्येक चूक छोटी होती आणि प्रत्येकीने आकडा एकाच बाजूला ढकलला, "पेशंट भरलेला आहे" या बाजूला. एक तीनशेची चूक तेवढी उलट दिशेने होती, नाहीतर फरक आणखी मोठा दिसला असता. वॉर्डात बहुतेक असंच होतं, कारण आपण देतो ते लक्षात राहतं आणि पेशंट गमावतो ते बेडखाली बॅगेत साचत राहतं.

आता मघाशी सांगितलेलं ते नसलेल्या रकान्याचं पाणी. मोठ्या माणसाचं त्वचेतून आणि श्वासातून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि पाणी असंच निघून जातं. ताप असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा वॉर्ड तापलेला असेल तर त्याहून जास्त. ते आपण मोजू शकत नाही, पण विसरायचंही नाही. चार्टवर अधिक २०० असलेला आपला हा पेशंट प्रत्यक्षात तीनशे ते सहाशे मिलि तोट्यात आहे, आणि उन्हाळ्यात कदाचित त्याहून जास्त.

तिसरा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा : लघवी कधी किती झाली?

चोवीस तासांत लघवी ९०० मिलि. नियम तुम्हाला पाठ आहे. मोठ्या माणसाला दर किलोमागे दर तासाला निदान अर्धा मिलि लघवी व्हायला हवी. ६० किलोला तासाला ३० मिलि. ९०० भागिले २४ म्हणजे साडेसदतीस. तीसच्या वर आहे, म्हणजे ठीक?

थांबा. ड्यूटीप्रमाणे तोडून लिहा.

सकाळी ८ ते दुपारी २ : ४२० मिलि, म्हणजे तासाला ७०.
दुपारी २ ते रात्री ८ : ३०० मिलि, म्हणजे तासाला ५०.
रात्री ८ ते सकाळी ८ : १८० मिलि, म्हणजे तासाला १५.

सत्तर, पन्नास, पंधरा. रात्रभर या माणसाच्या मूत्रपिंडांनी गरजेच्या निम्मीच लघवी केली आणि सकाळच्या चांगल्या आकड्याने रात्रीचा वाईट आकडा झाकून टाकला. सरासरी हे पांघरूण असतं. किडनीच्या आजारावर २०१२ साली निघालेली केडीगो नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. तिच्याप्रमाणे किलोमागे तासाला अर्ध्या मिलिपेक्षा कमी लघवी सलग सहा तास राहिली तर मूत्रपिंडाला तातडीची इजा होत असल्याची पहिली पायरी धरतात. आपला पेशंट त्या पायरीवर रात्री दोनच्या सुमारासच आला होता, आणि आपण सकाळी आठला "प्लस बाराशे" म्हणत होतो.

म्हणून चार्ट हातात आला की खालचा बॅलन्सचा चौकोन शेवटी बघा. आधी पेशंटचं वजन बघा आणि त्याचं निम्मं करा. आपल्याकडे साठचे तीस झाले. हा आकडा चार्टच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवा. मग लघवीचा रकाना वरून खाली वाचा, प्रत्येक आकड्याला तासांनी भागा आणि तीसशी ताडून बघा. लागोपाठ दोन तास त्याच्या खाली गेला तर सकाळची वाट बघायची नाही, सीनियर सिस्टरला सांगायचं.

पण सांगण्याआधी नळी बघायची. कॅथेटरची नळी पेशंटच्या मांडीखाली दबली आहे का? तिला पीळ पडला आहे का? युरोबॅग मूत्राशयाच्या खाली आहे ना? नळी बेडच्या कडेला लोंबून तिचा झोळ झाला असेल तर त्या झोळात बरीच लघवी साचून राहते. बॅगेत दिसत नाही आणि आपण घाबरतो. झोळ सरळ करा, लघवी बॅगेत उतरू द्या, मग मोजा. ओटीपोट हाताने बघा. ते फुगून टणक लागलं तर लघवी तयार झाली आहे, बाहेर यायला वाट नाही. अचानक एकदम शून्य झालं तर आधी नळीवरच संशय घ्या. हळूहळू सत्तर, पन्नास, पंधरा असं उतरत गेलं तर बहुतेक वेळा नळी निर्दोष असते.

आणि मोजायचं कसं? युरोबॅगवर छापलेल्या रेघा ढोबळ असतात. बॅग वाकडी लटकली की दीडशेचे दोनशे दिसतात. मापाच्या जगमध्ये काढा, जग सपाट जागी ठेवा, डोळे पातळीला आणा आणि मग वाचा. दर तासाची लघवी हवी असेल तर छोट्या खणाचं युरोमीटर लावून मागा. मोठ्या बॅगेत पंधरा आणि तीस यातला फरक दिसत नाही, आणि आपल्याला नेमका तोच फरक बघायचा आहे.

आता आपल्या पेशंटकडे या. कागद बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे बघा. जीभ कोरडी. नाडी काल ८८ होती, आज ११२. वरचं ब्लड प्रेशर काल १२६, आज १०४. बॅगेतली लघवी गडद. नळी मोकळी, ओटीपोट मऊ. आता सगळ्यांचं एकमत झालं. दुरुस्त केलेला चार्ट, नाडी आणि जीभ एकच गोष्ट सांगतायत. जुना चार्ट तेवढा एकटा वेगळं बोलत होता. जेव्हा चार्ट एक सांगतो आणि पेशंट दुसरं, तेव्हा आधी चार्ट तपासायचा.

डॉक्टरांना काय सांगाल? हिंदीत सांगा, मराठीत सांगा, पण या क्रमाने सांगा. "सर, बेड नंबर सात, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, वजन साठ. रात्रीच्या बारा तासांत लघवी फक्त १८० मिलि, तासाला पंधरा. कॅथेटर मोकळा आहे, ओटीपोट मऊ आहे. नाडी ८८ वरून ११२, प्रेशर १२६ वरून १०४. चार्टवर आधी प्लस बाराशे लिहिलं होतं, पण रायल्स ट्यूबचे ६५० आणि ड्रेनचे २५० धरले नव्हते. दुरुस्त बॅलन्स प्लस दोनशे आहे." एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. यात "पेशंट कोरडा वाटतो" हेही न बोलता सांगून झालं. किती पाणी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. त्यांनी समजा ५०० मिलि रिंगर लॅक्टेट अर्ध्या तासात द्यायला सांगितलं, तर तुमचं काम पुढे सुरू होतं. दर तासाला लघवी, नाडी, प्रेशर, श्वास. लघवी वीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी चढली तर उपाय लागू पडतोय. पाणी देऊनही चढली नाही किंवा श्वास वाढायला लागला, तर लगेच परत सांगायचं.

चार्टवरची दुरुस्ती कशी करायची तेही सांगते. जुना आकडा खोडरबरने घालवायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा. शेजारी बरोबर आकडा, वेळ आणि आपली सही. रात्रीच्या सिस्टरला वाईट वाटेल म्हणून जुना आकडा तसाच ठेवू नका. तिच्याकडे चाळीस बेड होते, हे मलाही कळतं. पण पेशंटला त्याच आकड्यावर पाणी मिळणार आहे.

आता या पद्धतीच्या मर्यादा. दोनच सांगते, पण नीट ऐका.

एक, भरपूर लघवी म्हणजे अंगात भरपूर पाणी असं नेहमी नसतं. लघवीचं इंजेक्शन, म्हणजे फ्युरोसेमाइड दिलं असेल, किंवा डायबिटीसच्या पेशंटची साखर खूप वाढली असेल, तर तो आतून कोरडा पडत असतानाही बॅग भरत राहते. तिथे "तासाला शंभर, छान" म्हणून पुढे जाऊ नका. लघवी का होते आहे, ते विचारा.

दोन, बॅलन्स अधिक असला तरी रक्तवाहिन्यांत पाणी कमी असू शकतं. डेंग्यूमध्ये ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्या गळायला लागतात. दिलेलं पाणी पोटात आणि छातीत साचतं. चार्ट म्हणतो अधिक दीड लिटर आणि ते खरंही असतं, पण नाडी बारीक असते आणि लघवी कमी. पाणी अंगात आहे, पण कामाच्या जागी नाही. चार्ट फक्त दाराची नोंद ठेवतो, आत आलेलं पाणी कुठल्या खोलीत बसलं आहे हे त्याला कळत नाही.

वजन हा या सगळ्यावरचा पंच आहे. पेशंट उभा राहू शकत असेल तर रोज सकाळी त्याच काट्यावर, लघवी झाल्यावर, तशाच कपड्यांत वजन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका दिवसात कोणाची चरबी किलोभर वाढत नाही. चार्ट म्हणतो अधिक दोनशे आणि वजन दीड किलोने वाढलं, तर कुठेतरी नोंद चुकली आहे. बहुतेक वेळा नातेवाइकांनी प्रेमाने पाजलेला नारळपाण्याचा किंवा सरबताचा ग्लास निघतो. त्यांच्यावर रागवू नका. त्यांचा स्टीलचा ग्लास मागून घ्या, त्यात किती मिलि मावतं ते एकदा मोजा आणि सांगा, "भैया, हर गिलास पे इस कागज़ पर एक लकीर खींच दीजिए." तुमची अर्धी नोंद तेच ठेवतील.

जाता जाता एक सराव. बाई, वजन ५० किलो, जुलाब. सकाळी ८ ते दुपारी २. ओआरएसचा एक लिटरचा जग दिला, अर्धा जग शिल्लक आहे. चार्टवर इनटेक १००० लिहिलं आहे. लघवी ६० मिलि. जुलाब "४ वेळा". बॅलन्स अधिक ९४०. व्हिडिओ थांबवा, वाचणाऱ्यांनी पान झाका आणि सोडवा.

झालं? इनटेक ५०० आहे, हजार नाही. लघवी तासाला १०, हवी होती २५. आणि बॅलन्स? तो सांगताच येत नाही, कारण "४ वेळा" हा आकडा मिलिचा नाही. कॉलऱ्याच्या वॉर्डात यासाठी मधोमध भोक असलेली खाट वापरतात. खाली खुणा केलेली बादली असते, आणि बादलीत जेवढं पडलं तेवढं परत द्यायचं. आपल्याकडे ती खाट नसेल तर बेडपॅन आणि मापाचा जग तर आहे. तोही नसेल तर चार्टवर अधिक ९४० लिहू नका. लिहा, "जुलाब ४, पातळ, मोजले नाहीत. बॅलन्स काढता येत नाही. लघवी तासाला १०." हे वाचून डॉक्टर धावत येतील. अधिक ९४० वाचून चहाला जातील.

उद्या ड्यूटीवर गेलात की एका पेशंटचं वजन निम्मं करून चार्टच्या कोपऱ्यात लिहा आणि लघवीचा रकाना वरून खाली वाचा. काय दिसलं ते पुढच्या भागाआधी वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी आपण लहान मुलांचा चार्ट घेऊ, तिथे हे अर्ध्याचं गणित बदलतं.

भेटू. नमस्कार.